संग्रहालयातल्या पाटीचं अरबी कॅप्शन: 'इसन्ने सबैन मया व अलफ' हे साल कसं लिहायचं?

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. आमचं रावेरला केळीचं पॅकहाऊस आहे, माल कंटेनरने आखातात जातो. मागच्या महिन्यात मस्कतचे खरेदीदार आले होते, सोबत त्यांचे वडील. पंचाहत्तरीच्या पुढचे, पण जुन्या वस्तूंचा फार नाद. म्हणून बागा दाखवून झाल्यावर त्यांना आपल्याकडच्या एका छोट्या संग्रहालयात घेऊन गेलो. सगळ्या पाट्या मराठीत. मी मोबाईलवर वस्तूंचे आणि पाट्यांचे फोटो काढले, आणि घरच्यांना दाखवायला प्रत्येक फोटोखाली दोन-तीन ओळी अरबीत लिहून पाठवीन असं कबूल केलं. आमचे हिशेबनीस अक्कलकुव्याला अरबी शिकलेले आहेत. रोज संध्याकाळी आम्ही दोघं बसून चार-पाच फोटो करतो.

अडलंय ते एका पत्रापाशी. पाटी अशी आहे: 'पेशवे माधवराव (पहिले) यांच्या कारकिर्दीतील पत्र. मोडी लिपी. छ १९ रजब, सन इसन्ने सबैन मया व अलफ.' तिथल्या माणसाने ही ओळ मोठ्याने वाचली तेव्हा आजोबा थबकलेच. त्यांनी बोटावर मोजलं, दोन, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे ११७२. हे तर आमचे आकडे, म्हणाले, आणि काचेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

मी घरी येऊन हे कॅप्शन पाठवलं:

```
رسالة من عهد البيشوا مادهافراو الأول
١٩ رجب ١١٧٢هـ
```

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाचा निरोप आला. तो कॉलेजात इतिहास शिकतो. म्हणाला, काका, रजब ११७२ हिजरी म्हणजे मार्च १७५९. पण दुसऱ्या फोटोखाली तुम्हीच लिहिलंय की माधवराव १७६१ साली पेशवे झाले. मग त्यांच्या कारकिर्दीतलं पत्र दोन वर्षं आधी कसं?

माझ्याकडे उत्तर नाही. पाटी चुकली, की आम्ही? आजोबांनी ते साल सगळ्यांना सांगितलंय, म्हणून जास्त लागलं. कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

इतिहासप्रेमी_चोपडा

भाऊ, तुमचं बरोबर आहे, पाटीच चुकली असणार. मराठ्यांच्या कागदात महिने सगळे मुसलमानी असतात. 'छ' म्हणजे चंद्र, पुढे तारीख, पुढे रजब, साबान, रमजान. वर्षही अरबी शब्दांत. महिना हिजरी, शब्द अरबी, म्हणजे साल हिजरीच. पत्र नानासाहेबांच्या वेळचं असेल, पाटी लिहिणाऱ्याने माधवरावांचं नाव घातलं.

---

मोडीवाचक

पाटी बरोबर आहे. चोपडेकर, तुमचं अर्धं खरं आहे आणि नेमक्या त्या अर्ध्यामुळेच घोटाळा होतो. महिना आणि तारीख हिजरी आहे, चंद्र बघून मोजलेली. साल मात्र हिजरी नाही. ते शुहूर सन आहे. जुन्या लोकांच्या बोलण्यात याला अरबी साल म्हणतात, मृग साल असंही म्हणतात.

शुहूर सन सौर आहे. सूर्य मृग नक्षत्रात गेला की नवं वर्ष, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. खान्देशातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. वसुलीचं वर्ष पेरणीपासून सुरू व्हावं, यासाठी ते सोयीचं होतं. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ते हंगामाशी जुळत नाही. चौदाव्या शतकात दख्खनेत हा सन सुरू झाला तेव्हा त्याचा आकडा हिजरीचाच होता. तिथून पुढे हिजरी भराभर पुढे जात राहिलं, दर तेहतीस वर्षांना साधारण एक वर्ष. चारशे वर्षांत फरक तेरा वर्षांवर गेला.

आता तुमचं साल. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. ११७२ बरोबर वाचलंत. यात ५९९ मिळवा. १७७१. म्हणजे हे साल जून १७७१ ला सुरू होऊन १७७२ च्या मे अखेरपर्यंत चाललं. या बारा महिन्यांत रजब कधी आला, एवढंच शोधायचं. हिजरी ११८५ हे वर्ष एप्रिल १७७१ मध्ये सुरू झालं, त्याचा रजब पडला ऑक्टोबरात. म्हणून तुमचं पत्र ऑक्टोबर १७७१ चं. माधवराव गेले नोव्हेंबर १७७२ मध्ये. सगळं जागच्या जागी बसतं.

ताळा हवा असेल तर पानिपत घ्या. १४ जानेवारी १७६१. तेव्हा हिजरी ११७४ चालू होतं, आणि मराठी कागदात त्या वर्षी लिहीत होते इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. तेरा वर्षांचा फरक तिथेही दिसतो.

त्या नातवाला माझ्याकडून शाबासकी सांगा. पाटीवर राजाचं किंवा पेशव्याचं नाव आणि साल दोन्ही असतील तर एकाने दुसरं तपासायचं असतं, ते त्या पोराने केलं.

---

केळीबाग_रावेर

मोडीवाचक काका, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे मृग लागला की अजूनही वर्ष बदलल्यासारखंच वाटतं. आजोबांना हे कळवतो.

पण मग कॅप्शनमध्ये काय लिहू? नुसतं ऑक्टोबर १७७१ लिहिलं तर आजोबांनी मोजलेले ते आकडे जातात. ११७२ ठेवला तर वाचणारा हिजरीच समजणार. आणि ओळी तीनच ठेवायच्यात, मोबाईलवर फोटोखाली त्याहून जास्त कोणी वाचत नाही.

---

सलालाहचा_भुसावळकर

मी ओमानमध्ये अठरा वर्षं आहे, इथल्या लोकांच्या बाजूने सांगतो. आकड्यापुढे तो 'हे' अक्षर लावला की इथला माणूस दुसरं काही समजूच शकत नाही, ते हिजरीच. म्हणून ११७२ पुढे 'हे' लावायचाच नाही. आणि 'शुहूर' हा शब्दही उघडा ठेवू नका. अरबीत शुहूर म्हणजे महिने. 'सनत शुहूर' वाचून माणूस म्हणेल, महिन्यांचं साल म्हणजे काय? शब्द अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे हे नाव आहे हे कळतं, आणि त्याच्या पुढे 'शम्सी', सौर, एवढा एकच शब्द जोडा. त्या एका शब्दाने काम होतं. इराणचं शम्सी साल इथल्या लोकांना ऐकून माहीत असतं, त्यामुळे हिजरीहून वेगळं मोजणारं काहीतरी आहे हे लगेच लक्षात येतं.

---

मोडीवाचक

छान सुचवलंत. मी असं मांडीन:

```
رسالة بخط «مودي» من عهد البيشوا مادهافراو الأول
١٩ رجب، سنة ١١٧٢ بتقويم «شُهور سَن» الشمسي
(توافق ١٩ رجب ١١٨٥هـ / أكتوبر ١٧٧١م)
```

मधली ओळ कागद काय म्हणतो ती. कंसातली ओळ आपण केलेला हिशोब. दोन्ही एकाच ओळीत मिसळू नका. उद्या कोणी आपला हिशोब चुकीचा ठरवला तरी कागदावरचं साल शाबूत राहतं.

---

गिरणाकाठ

भाऊ, फोटोमा तो तारखेना आकडा अकरा का एकोणीस, बराबर समजत नही.

फोटो मोठा करून पाहिला. काचेवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं त्या आकड्यावर आलंय. छापील १ आणि ९ चा फरक खालच्या शेपटीत आणि डोक्याच्या वळणात असतो, आणि तेवढाच भाग उजेडात गेलाय. तुम्ही १९ कशावरून लिहिलं?

---

केळीबाग_रावेर

ताई, तिथल्या माणसाने वाचलं तेव्हा मला एकोणीस ऐकू आल्यासारखं वाटलं. आता तुम्ही म्हणताय तर शपथ घेऊन सांगता येणार नाही.

---

गिरणाकाठ

मग तारीख काढूनच टाका, नुसतं 'रजब' ठेवा. मी बरीच वर्षं उत्खननाच्या नोंदी लिहिण्याचं काम केलं. आमचा नियम एकच होता, जे दिसत नाही ते भरायचं नाही. अकरा धरा की एकोणीस, दोन्ही दिवस ऑक्टोबरातच येतात, तेव्हा इसवी महिना पक्का आहे. हरवतो तो फक्त दिवस.

पुढच्या वेळी पाटीचा फोटो समोरून काढू नका, किंचित बाजूला सरकून काढा, म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब कडेला जातं. आणि एकाच पाटीचे दोन फोटो दोन बाजूंनी घ्या. एकात झाकलेला आकडा दुसऱ्यात दिसतो. वस्तूचा फोटो पाटीच्या लगेच पुढचा असू दे, नाहीतर घरी आल्यावर कुठली पाटी कुठल्या मडक्याची हे शोधण्यात रात्र जाते. माझी गेलेली आहे.

बाकीचे फोटोही टाका ना. पहिल्या धाग्यात एक मडकं दिसतंय, त्याची पाटी काय आहे?

---

केळीबाग_रावेर

ताई, ही घ्या. पाटी: 'मातीचे रंगीत भांडे. सावळदा संस्कृती. ताम्रपाषाण युग. इ.स.पू. २२००-२०००.' आम्ही लिहिलेलं:

```
جرة فخارية ملونة، سافالدا
العصر البرونزي
2200-2000 ق.م
```

---

गिरणाकाठ

मधली ओळ बदला. तुम्ही कांस्ययुग लिहिलंय. ताम्रपाषाण म्हणजे तांबं वापरात आलेलं पण दगडाची हत्यारंही चालू असलेलं. आपल्या तापी-गिरणेच्या काठच्या वस्त्यांत तांब्याच्या वस्तूंबरोबर गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती सापडतात, म्हणून तर ते जोडनाव. कथील मिसळून केलेलं कांसं हा वेगळा मामला आहे.

आणि 'सावळदा' एकटं लिहिलं तर ते मडकं सावळद्यात सापडलं असा अर्थ होतो. सावळदा हे तापीकाठचं गाव खरं, पण 'सावळदा संस्कृती' ही एका पद्धतीच्या भांड्यांवरून आणि वस्तीवरून दिलेली संज्ञा आहे. तशी भांडी धुळे जिल्ह्यात कवठ्यालाही मिळाली, खाली नगर जिल्ह्यात दायमाबादलाही मिळाली. तुमचं मडकं कुठलं आहे हे पाटी सांगत नाही, मग आपणही सांगायचं नाही. 'संस्कृती' हा शब्द राहिलाच पाहिजे.

---

सलालाहचा_भुसावळकर

ताई, कांस्ययुग मीच सुचवणार होतो, कारण ओमानच्या संग्रहालयांत त्याच काळाच्या वस्तूंना 'अल-अस्र अल-ब्रोन्झी' लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. इ.स.पू. २२०० म्हणजे इथे कांस्ययुग. वाचणाऱ्यांना तोच शब्द ओळखीचा वाटेल.

---

गिरणाकाठ

तिथलं तिथे बरोबर आहे. पण युगाचं नाव सनावळीने ठरत नाही, त्या ठिकाणचे लोक काय वापरत होते त्यावरून ठरतं. एकाच शतकात ओमानला कांस्ययुग आणि तापीकाठी ताम्रपाषाण असू शकतं. उलट तोच फरक त्या नातवाला दिसू दे, तो इतिहासाचा विद्यार्थी आहे. अरबीत ताम्रपाषाणाला रुळलेला शब्द आहे का?

---

सलालाहचा_भुसावळकर

हो, आहे. 'अल-अस्र अल-हजरी अन-नुहासी'. हजर म्हणजे दगड, नुहास म्हणजे तांबं. तुमच्या ताम्रपाषाणासारखंच जोडनाव, फक्त दगड आधी. ठीक आहे, माझी सूचना मागे घेतो.

आता आकड्यांची गोष्ट, कारण मला तुमच्या पडद्यावर काय दिसतंय ते माहीत नाही, पण माझ्या मोबाईलवर गोंधळ झालाय. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, आकडा मात्र आतल्या आत डावीकडून उजवीकडे. दोन आकडे मध्ये साधी आडवी रेघ घालून जोडले की कुठला आकडा आधी दिसणार हे त्यांच्या आधी काय लिहिलंय यावर ठरतं. रावेरभाऊंची तिसरी ओळ इंग्रजी आकड्याने सुरू होते, म्हणून जोडी डावीकडून मांडली जाते आणि उजवीकडून वाचणारा आधी २००० वाचतो, मग २२००. तीच जोडी एखाद्या अरबी शब्दानंतर लिहिली तर उलटी मांडली जाते आणि बरोबर वाचली जाते. लिहिणाऱ्याने काही बदललेलं नसतं, फक्त ओळीतली जागा बदललेली असते.

मी इथे मालाच्या कागदांवर हे रोज बघतो. त्यावरचा उपाय एकच, रेघच काढून टाकायची. 'मिन २२०० इला २०००' लिहायचं, पासून आणि पर्यंत. शब्द मध्ये असले की क्रम हलत नाही.

```
جرة فخارية ملونة، ثقافة سافالدا
العصر الحجري النحاسي
من ٢٢٠٠ إلى ٢٠٠٠ ق.م
```

---

केळीबाग_रावेर

अरे, म्हणून तर! मी संग्रहालयाचा नोंद क्रमांक इंग्रजी अक्षरांत सगळ्यात आधी लिहायचो, आणि ती अख्खी ओळ डावीकडे सरकून पूर्णविराम भलत्याच टोकाला जायचा. हिशेबनीस म्हणायचे मोबाईल खराब आहे.

---

सलालाहचा_भुसावळकर

मोबाईल ठीक आहे. ओळीतलं पहिलं अक्षर ज्या लिपीचं, त्या लिपीची दिशा ओळीला लागते. प्रत्येक ओळ अरबी शब्दाने सुरू करा आणि नोंद क्रमांक शेवटी टाका.

अजून एक. हिशेबनीस भाऊ उर्दूचा कीबोर्ड वापरतात का? एका कॅप्शनमध्ये चार आणि सहा उर्दू वळणाचे दिसताहेत. इथल्या लोकांना ते कळतात, पण परके वाटतात. अरबी कीबोर्ड लावून घ्या. आणि तुमच्यासाठी म्हणून सांगतो, तपासताना अरबी पाचाला मराठी शून्य समजू नका. तो गोल दिसतो तो पाच, शून्य म्हणजे नुसतं टिंब. ११८५ मधला शेवटचा गोल बघा.

---

सोयगावची_लेक

नमस्कार. माझा प्रश्न पण याच विषयातला आहे म्हणून इथेच विचारते. आमच्या आजोबांच्या जमिनीच्या कागदावर 'सन १३१२ फसली' आहे. आम्ही सोयगावकडचे, म्हणजे तेव्हा निजामाचं राज्य. मोडीवाचक काकांच्या हिशोबाने ५९९ मिळवले तर १९११ येतं. पण आजोबांचा जन्मच १९०८ चा, आणि कागदावर त्यांच्या वडिलांचं नाव एकट्याचं आहे. कोणी अरबीत भाषांतर करून देईल का, कोर्टात लागेल?

---

मोडीवाचक

लेकी, कोर्टाला अरबी भाषांतर लागणार नाही, मराठी किंवा इंग्रजी लागेल, आणि तेही अधिकृत भाषांतरकाराकडून. इथल्या कोणाच्या शब्दावर जाऊ नकोस.

साल तेवढं सांगतो. फसली आणि शुहूर वेगळे. दख्खनच्या फसलीला ५९० मिळवायचे, ५९९ नाही. १३१२ फसली म्हणजे १९०२-०३ च्या आसपास. आजोबांच्या जन्माआधीचा कागद, म्हणून त्यांच्या वडिलांचं एकट्याचं नाव. निजामी मुलखात वर्ष कुठल्या महिन्यात सुरू होत होतं ते वेगळं पाहावं लागतं. त्यासाठी कागदाचा महिना वाचायला हवा. नवा धागा काढ आणि फोटो टाक, मी येतो तिथे.

---

इतिहासप्रेमी_चोपडा

मोडीवाचक, शुहूर सनाबद्दल पटलं. मी आजवर कित्येक कागदांवरची सालं हिजरी धरून वाचलीत, आता वह्या काढून पुन्हा बघावं लागेल.

पण शकाचं तरी सोपं आहे ना, ७८ मिळवा की झालं? रावेरभाऊंच्या यादीत शक असलेल्या पाट्या असतीलच.

---

मोडीवाचक

चैत्रापासून इसवी डिसेंबर संपेपर्यंत ७८. एक जानेवारीनंतर चैत्र लागेपर्यंत ७९. वर दिलेलं पानिपतच घ्या, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. ७८ मिळवले तर १७६० येतं, आणि पानिपत तर १७६१ च्या जानेवारीत झालं. पौष महिना असला की थांबून बघायचं, तो डिसेंबरातही असतो आणि जानेवारीतही. माघ-फाल्गुनाला सरळ ७९.

आपल्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत तर एकाच इमारतीवर अरबी लेख आहे आणि संस्कृत लेखही आहे. फारुकी राजा आदिलशाहाने बांधलेली. अरबीत साल ९९७ हिजरी. संस्कृतात विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष शुद्ध एकादशी. शकात ७८ मिळवणारा १५८९ लिहील. पौषातली ती एकादशी पडते जानेवारी १५९० मध्ये. आणि ९९७ हिजरी तर १५८९ च्या नोव्हेंबरातच संपलेलं. म्हणजे दोन लेखांची सालं एकच नाहीत. कॅप्शन करताना दोन्ही जशीच्या तशी द्यायची, एकाला ओढून दुसऱ्यावर बसवायचं नाही.

---

केळीबाग_रावेर

काका, बऱ्हाणपूर आम्हाला जळगावपेक्षा जवळ. आजोबा परत आले तर तिथेच नेतो. अरबी लेख ते स्वतःच वाचतील.

थाळनेरच्या फारुकी कबरींचा एक फोटो आहे भिंतीवर लावलेला. त्याचं कॅप्शन आम्ही केलंय पण गावाचं नाव नातवाला उच्चारता आलं नाही. आम्ही तीन टिंबांचा 'से' वापरला.

---

सलालाहचा_भुसावळकर

इंग्रजी स्पेलिंग बघून लिहिलंत, टी-एच पाहून. अरबीत ते तीन टिंबांचं अक्षर जीभ दातांत धरून म्हणतात, आपल्या 'थ'शी त्याचा काही संबंध नाही. आपला थ अरबीत नाहीच. साधा 'ते' लिहा, तालनेर. ळ पण नाही, ल चालवून घ्या.

तसंच धुळ्याचं. डी-एच पाहून टिंबाचा 'जाल' घालू नका. आणि नुसता 'दाल' घालून 'दूले'सारखं लिहिलंत तर ते अक्षरांनी 'दौला' या शब्दासारखं दिसतं, म्हणजे देश, राज्य. दालनंतर 'हे' घाला, धचा उच्चारही जवळ येतो आणि शब्दाचा गोंधळही टळतो:

```
مقابر سلاطين الفاروقيين، تالنير
منطقة دهولي، خانديش
```

फक्त मराठा हा शब्द अरबीत तीन टिंबांच्या अक्षराने रुळलाय, 'माराथा'. तो तसाच ठेवा. रुळलेलं नाव आपण सुधारायला गेलो तर शोधणाऱ्याला ते सापडत नाही. पण 'मराठी'चं विशेषण लिहिताना पहिल्या म नंतरचा अलिफ गाळू नका, कारण अलिफ गेला की 'मरासी' होतो, आणि अरबीत त्याचा अर्थ शोकगीतं. 'मराठी पत्र' लिहायला जाल आणि वाचणारा शोकपत्र वाचेल.

---

केळीबाग_रावेर

हे तर झालंय आमच्याकडून, पहिल्याच फोटोत. आज दुरुस्त करतो.

'पेशवा' तसाच ठेवू का? हिशेबनीस म्हणतात 'रईस अल-वुजरा' लिहा, पंतप्रधान, म्हणजे कळेल.

---

सलालाहचा_भुसावळकर

मी हिशेबनिसांच्या बाजूचा. आजोबांना 'बिश्वा' काय सांगणार? पंतप्रधान म्हटलं की चित्र उभं राहतं.

---

मोडीवाचक

आणि चुकीचं चित्र उभं राहतं. शिवाजी महाराजांच्या वेळी पेशवा म्हणजे मुख्य प्रधान, हे ठीक. माधवरावांच्या वेळी छत्रपती साताऱ्याला आणि सगळी सत्ता पुण्यात पेशव्यांकडे. १७७१ च्या पत्राखाली पंतप्रधान लिहिलं की वर कोणीतरी राजा आहे आणि हा त्याचा नोकर आहे असं वाटतं, जे नावापुरतंच खरं होतं. पदाचं नाव तसंच ठेवा.

---

गिरणाकाठ

अल्बममध्ये पेशव्याचं नाव जिथे पहिल्यांदा येतं, त्याच कॅप्शनमध्ये एकदा फोड द्या. पुढे नुसतं 'पेशवा'. सगळीकडे फोड दिली तर तीन ओळींत बसणार नाही.

---

सलालाहचा_भुसावळकर

अल्बम फॉरवर्ड झाला की पहिला फोटो कुठे आणि चौथा कुठे, ताई. प्रत्येक फोटो एकटा फिरतो इथे. मला अजून वाटतं की शब्द समजला पाहिजे.

---

केळीबाग_रावेर

यावर आम्ही दोघं उद्या बसून ठरवू. पत्राच्या फोटोवर जागा नाही, तिथे तूर्त 'पेशवा' एवढंच राहू देतो.

तारीख काढून पाठवलं. आत्ताचं असं आहे:

```
رسالة بخط «مودي» من عهد البيشوا مادهافراو الأول
رجب، سنة ١١٧٢ بتقويم «شُهور سَن» الشمسي
(توافق رجب ١١٨٥هـ / أكتوبر ١٧٧١م)
```

नातवाचं उत्तर लगेच आलं. त्याने आजोबांना वाचून दाखवलं. आजोबांनी विचारलंय की दोन, सत्तर, शंभर, हजार हे शब्द त्या कागदावर खरंच लिहिलेत का, की फक्त पाटीवर आहेत? मला मोडी येत नाही. पत्राचा फोटो टाकतो, काका बघाल का?

---

मोडीवाचक

बघितला. वरच्या ओळीच्या शेवटी आहे. 'सबैन मया व अलफ' स्पष्ट वाचता येतं. त्याच्या आधीचा शब्द घडीवर आलाय, शाई उडालीय. पाटीकाराने इसन्ने वाचलंय, आणि मला 'इ' सारखं काहीतरी दिसतं, पण 'इहिदे'ही इ नेच सुरू होतो. इहिदे असेल तर साल ११७१, म्हणजे एक वर्ष मागे, १७७० चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. माधवरावांचीच कारकीर्द, त्यामुळे पेशव्याच्या नावावरून हे सुटणार नाही.

पाटीकाराने मूळ कागद हातात घेऊन वाचलं असणार, म्हणून तूर्त त्यांचंच धरा. पण तो शब्द जवळून पाहिल्याशिवाय मी माझ्या नावाने सही करणार नाही.

---

गिरणाकाठ

मी रविवारी त्या बाजूला जाणार आहे. भिंग घेऊन जाते, परवानगी मिळाली तर घडीवरचा शब्द आणि पाटीचा आकडा दोन्हीचे फोटो आणते. तिरप्या उजेडात उडालेल्या शाईचा ओरखडा कधी कधी दिसतो.

---

केळीबाग_रावेर

ताई, आजोबांना तेवढंच कळवतो की सत्तर, शंभर आणि हजार कागदावर आहेत, दोनाचं रविवारी सांगू.